बाकी शून्य, पार्टी तीच

मार्चअखेरीला एखाद्या दुकानदाराची थकलेली उधारी बुडीत खाती टाकायची, हिशेब बंद करायचा, आणि एप्रिलमध्ये त्याच दुकानदाराच्या नावावर नवी ऑर्डर आली की संगणकानं ती निमूटपणे घ्यायची, असा प्रकार घाऊक व्यापारात वाटतो त्याहून जास्त वेळा घडतो. यात संगणकाची चूक नसते. त्याच्या लेखी ही पार्टी आता आदर्श असते, कारण येणे बाकी शून्य असते, थकलेलं बिल एकही नसतं आणि उधारीची मर्यादा पूर्ण मोकळी असते.

हल्ली सेल्समन दुकानात उभा राहून मोबाइलवर ऑर्डर टाकतो आणि माल द्यायचा की अडवायचा हे सिस्टिम एका साध्या वजाबाकीवर ठरवते:

```
उपलब्ध उधारी = ठरलेली मर्यादा − येणे बाकी − रवाना न झालेल्या ऑर्डरी
```

बुडीत रकमेची नोंद झाली की मधला आकडा शून्यावर येतो आणि उजवीकडच्या तोट्याचा डावीकडे फायदा दिसू लागतो. ज्यानं पैसे थकवले त्याची पत वाढते आणि जो रडतखडत का होईना दरमहा पैसे देतोय त्याची ऑर्डर मर्यादेत अडकते. हिशेबाच्या बाजूनं बघायचं तर बुडीत कर्जाची नोंद म्हणजे दोन ओळींचं काम. ऑर्डर घेणाऱ्या व्यवस्थेत ते कसं करायचं हा मात्र वेगळा आणि बराच किचकट मामला आहे.

उदाहरण म्हणून सांगलीतला एक वितरक घेऊ. तो पीव्हीसी पाइप, फिटिंग्ज आणि रंग विकतो. व्यक्ती आणि आकडे कल्पित आहेत, पण यातली प्रत्येक गाठ कुठल्याही वितरकाच्या वहीत सापडेल. तासगाव भागातल्या एका हार्डवेअर दुकानाला त्यानं 2023 च्या जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये तीन बिलांवर माल दिला. 18 टक्के जीएसटी धरून बिलं झाली 47,200, 70,800 आणि 29,500 रुपयांची. पहिल्या बिलापोटी 20,000 आले. ऑक्टोबरमध्ये 50,000 चा चेक आला आणि परत गेला. दिवाळीनंतर दुकानाचं शटर उघडलंच नाही. मार्च 2025 मध्ये सिस्टिम या पार्टीकडे 1,27,500 रुपये येणे दाखवत होती आणि हिशेबनिसाला वर्षअखेरीच्या आत हा आकडा संपवायचा होता.

इथं पहिली घाई होते. येणे दिसतंय म्हणजे सगळं बुडालं असं धरून अख्खी रक्कम एका फटक्यात काढली जाते. प्रत्यक्षात जुन्या बाकीच्या पोटात नाना गोष्टी दडलेल्या असतात. या दुकानदारानं ऑक्टोबर 2023 मध्ये 11,800 रुपयांचे रंगाचे डबे परत पाठवले होते. डबे गोडाऊनमध्ये आले, कोपऱ्यात रचले गेले, पण त्यांची क्रेडिट नोट कुणी केलीच नाही. शिवाय सेल्समननं पाइपच्या स्कीमचे म्हणून 5,700 रुपये कबूल केले होते आणि ते कधी दिले गेले नव्हते. हे दोन्ही आकडे बुडीत कर्ज नव्हेत. ही रक्कम वितरकाला कधी येणारच नव्हती. ती आधी ज्या त्या जागी लावली की बाकी उरते 1,10,000.

डब्यांच्या बाबतीत उशिराचा भुर्दंडही बसतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट करून जीएसटी कमी करून घ्यायचा असेल, तर ज्या आर्थिक वर्षात माल विकला ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत ती विवरणपत्रात दाखवावी लागते. वार्षिक विवरणपत्र त्याआधीच भरलं असेल तर मुदत तिथंच संपते. 2023-24 मधल्या विक्रीसाठी ही तारीख होती 30 नोव्हेंबर 2024. मार्च 2025 मध्ये जाग आली तेव्हा 10,000 चा माल परत आला म्हणून नोंदता आला, पण त्यावरचे 1,800 रुपये सरकारकडून परत मिळण्याची वाट बंद झाली होती. पार्टीच्या खात्यात 11,800 जमा करावेच लागतात. त्यातले 1,800 वितरकाच्या गळ्यात पडतात. याला दुकानदार जबाबदार नाही, म्हणून ही रक्कम त्याच्या नावच्या बुडीत कर्जात मिसळायची नाही. वर्षअखेरीला कोण किती बुडवतो याची यादी काढाल तेव्हा ती खरी हवी.

चेकचंही तसंच झालं. चेक परत गेल्याची सूचना बँकेकडून आल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, त्यानंतर पैसे भरायला 15 दिवसांची मुदत असते आणि तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कलम 138 खाली तक्रार करता येते. सेल्समन ‘देतो म्हणालाय’ सांगत राहिला आणि 30 दिवस उलटले. फौजदारी वाट त्या चेकपुरती संपली. दिवाणी दाव्याची मुदत मात्र साधारणपणे उधारीची मुदत संपल्यापासून तीन वर्षं असते, म्हणजे मार्च 2025 मध्ये ती शिल्लक होती. शेवटी वकिलाचं पत्र गेल्यावर दुकानदाराच्या भावानं 30,000 आणून दिले आणि हात जोडले. उरले 80,000.

आता हे 80,000 काढायचे कसे? चुकीच्या वाटा इतक्या सोप्या आहेत की योग्य वाट कुणी शोधतच नाही. सगळ्यात लोकप्रिय वाट म्हणजे विक्री-परतीची क्रेडिट नोट. सिस्टिममध्ये बिल उघडायचं, ‘रिटर्न’ दाबायचं, बाकी शून्य. पण सिस्टिमला ‘माल परत आला’ एवढंच कळतं. ती गोडाऊनच्या साठ्यात 80,000 चे पाइप जमा करते. दुसऱ्या दिवशी कुणीतरी सेल्समन तो साठा बघून ऑर्डर घेतो आणि गोडाऊनमध्ये पाइप नसतात. त्याहून वाईट म्हणजे जीएसटीही आपोआप कमी होतो. आपल्या कायद्यात गिऱ्हाइकानं पैसे बुडवले म्हणून भरलेला जीएसटी परत मिळत नाही. क्रेडिट नोट माल परत आला, माल कमी प्रतीचा निघाला, किंवा बिलात किंमत वा कर जास्त लागला, अशा कारणांसाठी असते. पैसे आले नाहीत हे त्यातलं कारण नाही. तेव्हा या वाटेनं गेलेला माणूस तोटा लपवता लपवता खोटं विवरणपत्र भरून बसतो.

या 80,000 मध्ये 12,203 रुपये जीएसटीचे आहेत आणि ते वितरकानं विक्रीच्या महिन्यातच सरकारला भरले आहेत. दुकानदारानं मात्र बिल बघून तेवढ्याच कराची वजावट घेतलेली असू शकते. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत तर ती वजावट व्याजासह परत करावी, असा नियम आहे. चालू दुकान असेल तर वसुलीच्या पत्रात या नियमाचा उल्लेख करून बघावा. कधीकधी वकिलापेक्षा त्याचाच उपयोग होतो. बंद शटरपुढे अर्थातच त्याचा काही उपयोग नाही.

दुसरी वाट सवलतीची. बुडीत रक्कम ‘डिस्काउंट’ म्हणून काढली की साठा बिघडत नाही, पण त्या भागातल्या धंद्याचा नफा विचित्र दिसू लागतो, आणि वर्षाच्या शेवटी मालक सेल्समनला विचारतो की तासगावात एवढी सूट कुणी दिली. तिसरी वाट सरळ बिलच रद्द करण्याची, म्हणजे माल गेलाच नाही असं म्हणण्याची. ही तर सरळसरळ नोंदी नष्ट करणं झालं. चौथी वाट दिसायला अगदी कायदेशीर असते, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

हिशेबनीस जर्नल नोंद करतो, बुडीत कर्ज खर्च नावे, दुकानदाराचं खातं जमा. सगळं बरोबर. पण टॅलीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये पार्टीचा हिशेब बिलवार ठेवलेला असेल, तर जमा करताना ही रक्कम कुठल्या बिलापोटी असं विचारलं जातं. घाईत माणूस `On Account` निवडतो आणि पुढे जातो. खातं शून्य होतं. बिलं मात्र उघडीच राहतात आणि त्यांच्यासमोर 80,000 ची एक सुटी जमा रक्कम लोंबकळत राहते. काही ऑर्डर-सिस्टिम फक्त उघडी बिलं वाचतात, त्यांना पार्टी थकबाकीदारच दिसते. काही फक्त खात्याची बाकी वाचतात, त्यांना पार्टी साफ दिसते. दोन अहवाल दोन गोष्टी सांगू लागले की समजावं, कुणीतरी सुटी जमा टाकली आहे. आणि ती सुटी जमा पुढं कधीतरी एखाद्या नव्या बिलाला लागून गेली, तर तुम्ही नवा मालही फुकट दिलेला असतो.

योग्य नोंद बिलाला बांधलेली असते. भावानं दिलेले 30,000 कुठल्या बिलाचे हे त्यानं सांगितलं नव्हतं. अशा वेळी पैसे जुन्या बिलापासून क्रमानं लावावेत, हे करार कायद्यातही आहे. पहिल्या बिलाचे उरलेले 27,200 त्यात फिटले आणि 2,800 दुसऱ्या बिलाला लागले. स्कीमचे 5,700 दुसऱ्या बिलातून आणि परतीचे 11,800 तिसऱ्या बिलातून आधीच वजा झाले होते. म्हणून शेवटची नोंद अशी:

```
बुडीत कर्ज खर्च         नावे   80,000
  दुकानदाराचे खाते      जमा   80,000
    Agst Ref  बिल 2            62,300
    Agst Ref  बिल 3            17,700
```

आयकरासाठी हीच नोंद महत्त्वाची ठरते. 1961 च्या कायद्यात 1 एप्रिल 1989 पासून बदल झाला. कर्ज खरोखर बुडालं हे सिद्ध करत बसण्याची गरज उरली नाही, ते वसूल न होणारं म्हणून त्या वर्षाच्या हिशेबात काढून टाकणं पुरेसं ठरलं. सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्ये टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात तेच स्पष्ट केलं. 1 एप्रिल 2026 पासून लागू झालेल्या 2025 च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले, तत्त्व राहिलं. दोन अटी मात्र विसरू नयेत. ती रक्कम आधी कधीतरी उत्पन्नात धरलेली असावी लागते, आणि ‘बुडण्याची शक्यता’ म्हणून बाजूला ठेवलेली नुसती तरतूद व्यापाऱ्याला चालत नाही. जीएसटीचे 12,203 विक्रीच्या उत्पन्नात धरलेलेच नसतील तर त्यांची वजावट मागता येते का, यावर सीए मंडळींत मतभेद आहेत. तेवढ्यासाठी आपल्या सीएला विचारून घ्यावं.

आता मंजुरीकडे येऊ. मालकांना वाटतं की मंजुरी म्हणजे उधळपट्टीला लगाम. माझ्या मते तिचं खरं काम चोरी पकडण्याचं आहे. सेल्समन दुकानदाराकडून रोख घेतो, पावती देतो किंवा देतही नाही, पैसे खिशात टाकतो, आणि सहा महिन्यांनी येऊन सांगतो की पार्टी बुडाली, काढून टाका. बुडीत कर्जाची नोंद झाली की चोरीचा शेवटचा धागाही तुटतो, कारण त्यानंतर त्या पार्टीकडे पैसे मागायला कुणीच जात नाही. म्हणून जो वसुली करतो त्याच्या हातात बाकी काढून टाकण्याचं बटण असता कामा नये. आणि जो प्रस्ताव टाकतो त्यालाच तो मंजूर करता येऊ नये, मग तो मालकाचा भाचा का असेना.

याची सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे बाकी कळवणारं पत्र. पार्टीला कार्यालयातून थेट कळवायचं, ‘आमच्या वहीनुसार आपल्याकडून अमुक येणे आहे, मान्य असल्यास सही करून पाठवा.’ सेल्समनच्या हाती हे पत्र द्यायचं नाही. मोबाइलवर पाठवायचं असेल तर पार्टीच्या नोंदीतला नंबर आधी तपासायचा, कारण कधीकधी तिथं सेल्समननं स्वतःचाच नंबर घातलेला असतो. उत्तर आलं, ‘मी तर दसऱ्यालाच पैसे दिले’, तर तुमचं बुडीत कर्ज नाही, तुमचा माणूस बुडीत आहे. उत्तर सहीनिशी आलं तर दुहेरी फायदा. मुदत संपण्याआधी दिलेली अशी लेखी कबुली तीन वर्षांची मुदत नव्यानं सुरू करते. आणि पत्र ‘दुकान बंद’ शेरा घेऊन परत आलं तर तोही पुरावाच आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून बघितला की ती नोंदणी चालू आहे की रद्द हेही कळतं. तासगावच्या दुकानाची रद्द झाली होती. त्या पानाची छापील प्रत प्रस्तावाला जोडली.

प्रस्तावात काय हवं, तर बिल क्रमांक, तारखा, प्रत्येक बिलाची उरलेली रक्कम, आजवर काय केलं आणि कारण. कारण लिहिण्यासाठी मोकळी जागा ठेवली की सगळे ‘वसूल होत नाही’ एवढंच लिहितात. त्यापेक्षा निवडायला चार-पाच ठरावीक कारणं द्यावीत: दुकान बंद, मालकाचा मृत्यू, तडजोड, दाव्याची मुदत संपली, पार्टी सापडत नाही. वर्षभरानं बघितलं तर या कारणांतूनच कळतं की चूक उधारी देताना झाली की वसुली करताना.

किती रकमेला कुणाची सही हे प्रत्येक पेढीनं आपलं आपण ठरवावं. राउंडिंगचे चार-पाच रुपये हिशेबनिसानं परस्पर काढले तरी हरकत नाही, नाहीतर मालक दिवसभर सह्याच करत बसेल. पण समजा 10,000 पर्यंत व्यवस्थापकाची सही चालते असं ठरवलं, तर काही दिवसांत 9,800, 9,500, 9,900 असे प्रस्ताव येऊ लागतात. म्हणून मर्यादा प्रत्येक नोंदीवर लावू नये, एका पार्टीच्या वर्षभराच्या एकूण रकमेवर लावावी. एकाच मालकाच्या दोन दुकानांची दोन खाती असतील तर ती मिळून एक पार्टी धरावी.

लहान पेढीत महागडी मंजुरी-यंत्रणा नसते, पण त्यावाचून अडत नाही. टॅलीत नोंद ‘ऑप्शनल’ म्हणून ठेवता येते. ती दिसते, पण मालकानं ती नियमित करेपर्यंत हिशेबात धरली जात नाही. मंजुरीची तीच जागा. व्हॉट्सअ‍ॅपवर मालकानं पाठवलेला अंगठा हीच बऱ्याच ठिकाणी मंजुरी असते, आणि पुढच्या वर्षी तो अंगठा कुठल्या रकमेला होता हे कुणालाच सांगता येत नाही. चालवायचाच असेल तर संदेशात पार्टीचं नाव आणि रक्कम यावी आणि त्याचा स्क्रीनशॉट नोंदीला जोडावा. कंपन्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून असं सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे, जे प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं आणि ती नोंद बंद करता येत नाही. मालकी किंवा भागीदारी पेढीला हा नियम नाही, तरी सॉफ्टवेअरमध्ये सोय असेल तर ती चालू ठेवावी.

प्रस्ताव आणि मंजुरी यांच्यामधले दिवसही सांभाळायचे असतात. प्रस्ताव पडला त्या क्षणी पार्टीच्या ऑर्डरी थांबायला हव्यात. आणि या काळात पैसे आले तर मंजूर रक्कम जशीच्या तशी नोंदवायची नाही. भावाचे 30,000 प्रस्तावानंतर आले असते आणि 1,10,000 चा प्रस्ताव तसाच मंजूर झाला असता, तर दुकानदाराच्या खात्यात उलट 30,000 जमा दिसले असते. म्हणजे बुडव्या पार्टीला आपणच देणं लागतो! मंजूर आकडा आणि त्या दिवशीची बिलाची बाकी यातला जो कमी, तोच नोंदवायचा.

नोंद झाली, आता पार्टीच्या माहितीचं काय? खातं सिस्टिममधून काढून टाकावं असं अनेकांना वाटतं, यादी स्वच्छ दिसते म्हणून. तसं केलं की पेढीची आठवणच पुसली जाते. खातं राहू द्यावं, ऑर्डरला बंद करावं, उधारीची मर्यादा शून्यावर आणावी आणि ‘बुडीत काढलेली रक्कम’ असा वेगळा रकाना ठेवून त्यात 80,000 तारखेसह लिहावेत. हा रकाना येणे बाकीत धरायचा नाही, पण उधारी ठरवताना तो समोर दिसायला हवा. जुनी विक्री बदलायची नाही. 2023 मध्ये त्यानं माल घेतला ही घटना खरी आहे, पैसे दिले नाहीत ही दुसरी. दोन्ही राहाव्यात.

एक बारीकशी खोच इथं राहून जाते. अनेक सिस्टिम महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक पार्टीला खात्याचा उतारा आपोआप पाठवतात. बुडीत नोंदीनंतर तासगावच्या दुकानदारालाही मेसेज जातो, ‘आपली बाकी: 0’. आपल्या वहीत आपण तोटा लिहिला म्हणून त्याचं देणं माफ होत नाही, ते कायद्यानं उभंच असतं. बँकांच्या बाबतीतही वर्तमानपत्रात हाच घोळ होतो, कर्ज निर्लेखित केल्याची बातमी माफीची म्हणून वाचली जाते. पण शून्य बाकीचा उतारा आपणच पाठवला, तर उद्या कोर्टात तो कागद समोर येणार. म्हणून बुडीत नोंदीसोबत त्या पार्टीचा उतारा बंद करायचा. भावाला 30,000 ची पावती देतानाही ‘पूर्ण हिशेब मिटला’ असे शब्द टाकायचे की नाही, हे आधी ठरवायचं. तडजोड झाली असेल तर टाकावेत, नसेल तर पावतीवर ‘खात्यापोटी’ एवढंच लिहावं. इथं तडजोड झालेली नव्हती.

सहा-सात महिन्यांनी, ऑक्टोबर 2025 मध्ये, मिरजेतून एका नव्या हार्डवेअर दुकानाची ऑर्डर आली. नाव नवं, नोंदणी क्रमांक नवा. जीएसटीच्या 15 अक्षरी क्रमांकात पहिली दोन राज्याची आणि पुढची दहा मालकाच्या पॅनची असतात. त्यामुळे जुन्याच माणसानं स्वतःच्या नावावर दुसरं दुकान टाकलं, तर ती दहा अक्षरं जुळतात आणि लबाडी लगेच उघडी पडते. इथं ती जुळली नाहीत, कारण दुकान बायकोच्या नावावर होतं. जुळला तो मोबाइल नंबर. नवं खातं उघडताना सिस्टिमनं पॅन, मोबाइल आणि पत्ता हे तिन्ही बंद खात्यांशीही ताडून बघायला हवेत. बहुतेक सिस्टिम फक्त चालू खाती बघतात, आणि म्हणूनच खातं काढून टाकू नये असं वर म्हटलं.

बायकोचा व्यवसाय कायद्यानं वेगळा, तिच्याकडून नवऱ्याची उधारी हक्कानं मागता येत नाही. पण माल उधार द्यायचा की रोख, हा वितरकाचा अधिकार आहे. त्यानं फोन केला आणि सांगितलं, ‘वहिनी, माल रोखीनं घ्या, आजच गाडी लावतो. जुनं काय आहे ते दादांना माहीत आहे.’ आठवडाभरात दुकानदार स्वतः आला आणि 25,000 ठेवून गेला.

या पैशांची नोंद करताना हात पुन्हा सवयीनं `On Account` कडे जातो. तसं केलं तर जुन्या खात्यात 25,000 ची सुटी जमा उभी राहते आणि कुणीतरी ती मिरजेच्या बिलाला वळती करून टाकतं. जुनं बिल पुन्हा उघडायचीही गरज नसते. पैसे ‘बुडीत कर्ज वसुली’ या उत्पन्नाच्या खात्यात जमा करायचे. आधी वजावट घेतलेली असल्यानं ते त्या वर्षीचं करपात्र उत्पन्न ठरतात. त्यावर जीएसटी पुन्हा भरायचा नसतो, तो 2023 मध्येच भरलेला आहे. पार्टीच्या नोंदीत ‘बुडीत काढलेली रक्कम’ 80,000 तशीच ठेवायची आणि शेजारी ‘नंतर वसूल 25,000’ असं तारखेसह लिहायचं. ऑर्डरचं कुलूप त्यानं आपोआप उघडता कामा नये. ते उघडायचं असेल तर त्यालाही, बुडीत नोंदीला होती तशीच, दुसऱ्या माणसाची सही लागावी. 55,000 अजून बाहेर आहेत आणि ऑगस्टच्या बिलाची दाव्याची मुदत सप्टेंबर 2026 च्या सुमारास संपते. ती तारीख पार्टीच्या पानावर टाकून ठेवलेली असेल, तर त्याआधी दुकानदाराकडून सहीची कबुली घेता येईल.